दारासारखी उघडणारी पत्रिका

रविवार कारंज्याजवळच्या एका बोळातल्या छापखान्यात मी सात वर्षं काँप्युटरवर बसले. लग्न, मुंज, बारसं, दशक्रिया, दुकानाचं उद्घाटन, असला सगळा मजकूर माझ्या बोटांखालून गेला. माणसं खुर्चीच्या मागे उभी राहून सांगायची आणि मी टाइप करायची. खरं सांगायचं तर अर्धा मजकूर मला पाठच होता. नाव, वार, वेळ बदलली की पत्रिका तयार. त्यामुळे मला वाटायचं की आपल्याला या धंद्यातलं सगळं कळतं. तेवीस-चोवीसच्या वयात माणसाला असं वाटतंच, आणि मला जरा जास्तच वाटायचं. गिऱ्हाइकाने दोनदा दुरुस्ती सांगितली की माझं नाक लाल व्हायचं. आमचे मालक म्हणायचे, "हिच्या नाकावर माशी बसायची सोय नाही."

एका गवंडी मिस्तरींच्या वास्तुशांतीच्या पत्रिकेने माझं हे शहाणपण उतरवलं. दोन हजार सालानंतरची गोष्ट आहे, डिजिटल कॅमेरे अजून आमच्यापर्यंत पोचले नव्हते.

मिस्तरी पन्नाशीचे, मूळचे चांदवडकडचे. नाशकात पंचवीस वर्षं त्यांनी लोकांची घरं बांधली होती, आणि त्यांची बायको त्यांच्याच हाताखाली घमेली वाहत होती. आता दोघांनी मखमलाबादच्या रस्त्याला स्वतःच्या दोन खोल्या उभ्या केल्या होत्या. हे सगळं त्यांनी मला पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं. मग शर्टाच्या खिशातून पाकीट काढलं आणि पाकिटातून एक फोटो.

"ताई, पत्रिकेवर हे दार पाहिजे. बाकी घरात दाखवण्यासारखं काय नाय. दार मात्र लय मन लावून केलंय."

फोटो गल्लीतल्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून काढून घेतलेला होता. दोन झडपांचं सागवानी दार, चौकटीच्या वर मधोमध गणपतीची टाइल, आणि चौकटीभोवती वीतभर रुंदीची फरशीची पट्टी. पण ती पट्टी म्हणजे गंमतच होती. एक तुकडा पांढरा संगमरवरी, त्याखाली हिरवा, मग काळा कडप्पा, मग लालसर ग्रॅनाइट, एक निळा. एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. मिस्तरी हळूच म्हणाले, "हे जरा साफ करता येईल का? सगळी एकाच रंगाची दिसली पाहिजे. बंगल्यावाल्या लोकांना बी पत्रिका द्यायची हाय."

आता हे माझं आवडीचं काम. फोटो स्कॅन केला आणि दोन दिवस सवड मिळेल तशी घासत बसले. एका चांगल्या तुकड्याचा रंग उचलायचा आणि बाकीच्यांवर चढवायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळी पट्टी पिस्त्याच्या रंगाची, एकसारखी चमकत होती. मालकांनासुद्धा चष्मा वर करून बघावं लागलं.

आणि मला एक कल्पना सुचली होती. कार्डाच्या दोन्ही बाजू आत दुमडायच्या, म्हणजे त्या मधोमध एकमेकींना भिडतात. दाराचा फोटो बरोबर मध्ये कापायचा, अर्धा एका पानावर चिकटवायचा, अर्धा दुसऱ्यावर. पाहुण्याने पत्रिका हातात घेतली की समोर बंद दार, उघडली की आत आमंत्रण. आमच्याकडे रंगीत छपाई नव्हती. पण फोटोच्या लॅबमधून हव्या तेवढ्या प्रती निघत होत्या, आणि कापायला यंत्र होतं. मी एक नमुना हाताने तयार केला. आत नेहमीचा मजकूर टाकला, "आमचे येथे श्रीकृपेकरून" पासून "उपकृत करावे" पर्यंत. मला तो नमुना इतका आवडला की रात्री घरी नेऊन आईला दाखवला.

नमुना बघायला मिस्तरी बायकोला घेऊन आले. बाई काटक, हात खरखरीत, कपाळावर मोठं कुंकू. मी नमुना त्यांच्या हातात दिला आणि कौतुकाची वाट बघत बसले.

त्यांनी तो उघडला. मिटला. पुन्हा उघडला. मग म्हणाल्या, "पोरी, गणपती चिरला की गं."

मी बघितलं आणि कानापर्यंत लाल झाले. दाराच्या बरोबर मधोमध कापायचं म्हटल्यावर वरच्या गणपतीच्याही मधोमध कापलं जाणार, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. पत्रिका उघडली की सोंडेचा अर्धा भाग इकडे आणि अर्धा तिकडे! दोन दिवस फोटोकडे टक लावून बसलेली मी, मालकांनी बघितलं, माझ्या आईने बघितलं, कुणाच्या लक्षात आलं नाही. मी चिडून म्हणाले, "मग दुमडायची कल्पनाच सोडून देऊ. साधं कार्ड करू."

"थांबा की," मिस्तरी म्हणाले. त्यांनी टेबलावरचा कोरा कागद ओढला, कानामागची पेन्सिल काढली. "दार उघडतं तवा वरची आडवी तुळई, लिंटल, उघडतं का? लिंटल जाग्यावरच राहतं. त्याच्यावर भिंतीचा भार असतो. ते चिरायचं नसतं कधी."

आणि त्यांनी मला माझंच काम शिकवलं. कार्डाचा मधला भाग पूर्ण उंचीचा ठेवायचा. दोन्ही बाजूची पानं वरून तेवढी कमी करायची, जेवढं लिंटल आहे. फोटोचा वरचा आडवा तुकडा, गणपतीसकट, अखंडच मधल्या भागावर चिकटवायचा. त्याच्या खालचा भाग तेवढा दोन पानांवर. म्हणजे पत्रिका मिटलेली असताना सगळं दार दिसेल, आणि उघडली तरी गणपती जागेवर बसलेला. यंत्रावर दोनच सरळ काप जास्त द्यायचे. मी त्यांच्या रेघांकडे बघत राहिले.

"आणि दोन झडपांत एक सूत फट सोडा," ते म्हणाले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे माप आम्हीही वापरायचो. "नायतर फोटूच्या कागदाची जाडी हाय, कडा एकमेकीवर चढतील. दार बी असंच अडतं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. चौथी शिकलेला माणूस, कार्ड कधी बनवलेलं नाही, आणि पाच मिनिटांत त्याने दोष काढला, कारण सांगितलं आणि उपायही दिला. मी तसं तोंडावर म्हटलं. ते लाजले.

बायको मात्र अजून फोटोच बघत होती. "आवं," ती नवऱ्याला म्हणाली, "हे दार कुणाचं?"

"आपलंच हाय."

"आपल्या दाराला असली फरशी कुठाय? आपली फरशी कुठं गेली?"

मिस्तरी पेन्सिल पुन्हा कानामागे खोचायला लागले. मग बाईंनीच मला सांगितलं. दाराभोवतीचा एकेक तुकडा एकेका घराचा होता. काम संपलं की घरमालक म्हणायचा, उरलीय ती फरशी पडून राहील, तुम्हाला लागत असली तर न्या. असे नऊ घरांचे तुकडे दोघांनी वर्षानुवर्षं पलंगाखाली जपले होते आणि स्वतःचं दार उभं राहिल्यावर ते तिथे बसवले होते. "डोक्यावरनं वाहिलेत मी," बाई म्हणाल्या. "हिरवा तुकडा कुठल्या घरचा, काळा कुठल्या घरचा, डोळे झाकून सांगते. आणि तुम्ही ते पुसायला लावले?"

मिस्तरी खाली बघून म्हणाले, "तीच नऊ माणसं पत्रिका बघणार हायत. फोटूत आपापली फरशी वळखतील. म्हणतील, मिस्तरीनं माल उचलला. पंचवीस वर्षं कुणी बोट दाखवलं नाय. आता घर झालं त्याच दिवशी चोर ठरायचं?"

म्हणजे साफ करायला सांगितलं ते दिसायला चांगलं म्हणून नव्हतंच. माझ्या त्या पिस्ता रंगाच्या कौशल्याची मला लाज वाटली.

"दिलेली वस्तू लावली तर चोर कसे?" बाई कडाडल्या. "लपवली तर चोर. त्यांनाच सांगू, तुमची हाय म्हणून." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "लिही पोरी. त्या नऊ घरांच्या पत्रिकेत ते श्रीकृपेकरून नको. ते सोयऱ्यांना राहू दे. यांना आमचं लिही."

मी कीबोर्डवर हात ठेवले. त्या बोलल्या तसं मी टाइप केलं, फक्त बोली जरा सारखी केली. तो मजकूर मला आजही तोंडपाठ आहे: "आम्ही दोघांनी तुमच्या घराचं काम केलं. काम झाल्यावर उरलेली फरशी तुम्ही आम्हाला दिली. ती आम्ही आमच्या दाराला लावली आहे. तुमची फरशी कुठे बसवली ते बघायला सगळ्यांनी या, आणि जेवून जा."

सात वर्षांत इतका सरळ मजकूर मला कुणी सांगितला नव्हता. मालक गल्ल्यावरून उठून काँप्युटरच्या पडद्याजवळ आले, वाचलं, आणि "एकही शब्द बदलू नको" म्हणाले. एरवी ते "सहकुटुंब सहपरिवार" नसलेली पत्रिका छापायलाच तयार नसायचे.

पण मिस्तरींनी वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "नऊ नाय," ते म्हणाले. "या मजकुराच्या आठच छापा."

बायको त्यांच्याकडे बघायला लागली.

"निळ्या तुकड्याचं इचारलं नव्हतं."

तो तुकडा गंगापूर रोडवरच्या एका बाईंच्या घरचा होता. शाळेत शिक्षिका होत्या, आता निवृत्त. त्यांच्या देवघराला निळी फरशी लावली होती. काम संपलं त्या आठवड्यात बाईंचे मिस्टर दवाखान्यात होते, घराला कुलूप. राडारोड्याच्या ढिगात एक अखंड तुकडा पडला होता. टाकूनच देणार म्हणून मिस्तरींनी उचलला. पुढे बाईंचे मिस्टर गेले. मग फरशीच्या तुकड्याचं काय विचारायचं, म्हणून विषय राहिला तो राहिला. बायकोलाही त्यांनी सांगितलं होतं, बाईंनी दिला म्हणून.

मिस्तरींच्या बायकोचा चेहरा मला बघवेना. मीच घाईने म्हणाले, "मिस्तरी, त्यात काय, मी फोटोतून तेवढा निळा तुकडा पांढरा करते. दोन मिनिटांचं काम आहे. कुणाला कळणार नाही."

मला खरंच वाटलं होतं की मी मदत करतेय.

मिस्तरींनी नकाराची मान हलवली. "फोटूतनं काढाल ताई. दारातनं कोण काढणार?" आणि ते नमुना तिथेच ठेवून निघाले. बायको त्यांच्या मागे, चार पावलं अंतर ठेवून.

तिसऱ्या दिवशी ते एकटेच आले. डाव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली. छिन्नी हातोडी घेऊन त्यांनी स्वतःच्या नव्या दाराचा निळा तुकडा अखंड काढला होता. नवं सिमेंट, त्यात स्वतःच्या हातचं, सहज सुटणार नव्हतंच. मग तो तुकडा फडक्यात गुंडाळून ते सायकलवरून गंगापूर रोडला गेले. बाईंनी दार उघडलं. यांनी सांगितलं, हा तुमचा आहे, न विचारता नेला होता, माफी असावी.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"काय नाय. तुकडा हातात घेतला. बरं म्हणाल्या. दार लावलं."

त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मला त्या बाईंचा भयंकर राग आला. इतकं करून आलेल्या माणसाला पाणीसुद्धा विचारू नये? मी काहीतरी तिखट बोलले, तर मिस्तरींनी मलाच थांबवलं. "त्यांची वस्तू. त्यांनी काय बोलावं ते त्यांनी ठरवायचं."

वास्तुशांती आठ दिवसांवर आली होती. फोटो नवा काढायला हवा होता, कारण जुना आता खोटा झाला होता. मालकांचा कॅमेरा घेऊन मी त्यांच्या घरी गेले. दार समोरून, अगदी सरळ यायला हवं होतं, नाहीतर दोन पानं सारखी पडणार नाहीत. मी अंदाजाने उभी राहत होते, तेवढ्यात मिस्तरींनी दोन झडपांच्या मधून दोरी लावली, गुण्याने काटकोन तपासला आणि दोरी माझ्यापर्यंत ताणून आणली. "हितं उभं राहा. इथनं सूतभर बी फरक पडायचा नाय." पडला नाही. नंतर लॅबमधून प्रती आल्यावर मी पट्टी लावून बघितलं.

मला वाटलं होतं, रिकाम्या जागेत त्यांनी दुसरी फरशी बसवली असेल. पण उजव्या बाजूला, हाताच्या उंचीवर, सिमेंटचा ओबडधोबड खड्डा तसाच होता. मिस्तरी म्हणाले, फोटूपुरता तरी भरू. बायको म्हणाली, "नाय भरायचा. खोटं दाखवायचं असतं तर तो तुकडाच ठेवला असता." नवरा-बायकोत बोलणं पूर्ववत झालं होतं की नाही, मला कळेना. पण त्यांनी खड्ड्याला हात लावला नाही. मी फोटो काढला. या वेळी मी त्यावर काहीही केलं नाही.

पत्रिका तयार करायला मला तीन दिवस लागले. लिंटल अखंड, खाली दोन झडपा, मध्ये एक सूत फट. सोयऱ्यांच्या सगळ्या पत्रिकांत नेहमीचा मजकूर, आठ पत्रिकांत तो दुसरा. नववी पत्रिका राहिली, शिक्षिका बाईंची. "त्यांना काय लिहायचं?" मी विचारलं. मिस्तरी म्हणाले, नकोच ती. बायको म्हणाली, "पत्रिका द्यायची. पण 'तुम्ही दिली' असं लिहू नको. दिली नव्हती." म्हणून नवव्या पत्रिकेत मी एवढंच लिहिलं: "आम्ही दोघांनी तुमच्या घराचं काम केलं. आमचं घर बघायला या, आणि जेवून जा."

वास्तुशांतीला मी आणि मालक गेलो. होम झाला, जेवणाच्या पंगती बसल्या. दाराशी मात्र वेगळीच गर्दी. आठही घरची माणसं आली होती. एका वकिलांनी सगळं कुटुंब आणलं होतं आणि ते नातवाला उचलून दाखवत होते, "हा बघ, आपल्या स्वयंपाकघरातला." दोन मालकिणींची काळ्या तुकड्यावरून हुज्जत चालली होती की तो नक्की कुणाचा. मिस्तरींच्या बायकोने येऊन निवाडा केला. पांढऱ्या शर्टातले मिस्तरी एकेकाला हात जोडत होते, पण त्यांची नजर सारखी रस्त्याकडे जात होती. ते मी पाहत होते, आणि मनातल्या मनात गंगापूर रोडच्या बाईंना पुन्हा बोल लावत होते.

दुसरी पंगत उठली तेव्हा त्या रिक्षातून उतरल्या. पांढरे केस, फिकट साडी, खांद्याला पिशवी. दारापाशी आल्या आणि सगळ्यांदेखत त्या खड्ड्यासमोर थांबल्या. त्यांनी त्यावर तळहात ठेवला. मिस्तरी जागेवरून हलले नाहीत.

बाई त्यांच्याकडे वळल्या. "त्या दिवशी तुमच्याशी दोन शब्दही बोलले नाही," त्या म्हणाल्या. "ही फरशी आमच्या ह्यांनी पसंत केली होती. अचानक हातात आली, मला काही सुचलंच नाही." मग त्यांनी पिशवीतून तो निळा तुकडा काढला. स्वच्छ पुसलेला होता. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जावं, तशा आवाजात त्या म्हणाल्या, "मिस्तरी, आमच्याकडे काम झाल्यावर ही एक फरशी उरलीय. पडून राहील. तुम्हाला लागत असली तर न्या."

मिस्तरींनी दोन्ही हात पुढे केले. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मग बायकोच पुढे आली. तिने तुकडा पदरात घेतला आणि म्हणाली, "लागते की बाई. जागा ठेवलीय."